ॲक्टिव्ह की ऑप्टिकल? प्रोजेक्टरपर्यंत जाणारी लांब एचडीएमआय केबल

प्रोजेक्टरसाठी लांब एचडीएमआय केबल शोधायला लागलं की दोन नावं हमखास समोर येतात, ‘ॲक्टिव्ह’ आणि ‘ऑप्टिकल’. दिसायला दोन्ही जवळपास सारख्याच. दोन्हींच्या एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ छापलेलं असतं, दोन्हींच्या प्लगमध्ये इलेक्ट्रॉनिक्स असतं आणि दोन्ही साध्या केबलपेक्षा महाग असतात. त्यामुळे पुष्कळ लोक दोन्ही एकच समजतात. आतून मात्र त्यांची कामाची पद्धत अगदी वेगळी आहे, आणि भिंतीतून केबल ओढायची असेल तर तो फरक आधीच कळलेला बरा.

आधी अंतर नीट मोजू. समजा, प्लेअर पडद्याच्या बाजूच्या कपाटात आहे आणि प्रोजेक्टर पडद्यापासून ५ मीटरवर छताला टांगलेला आहे. म्हणजे ५ मीटर केबल पुरेल असं वाटतं. आता केबलच्या वाटेने जा: कपाटापासून भिंतीपर्यंत १ मीटर, छतापर्यंत वर अडीच, कडेने मधल्या रेषेपर्यंत दीड, छतावरून मागे ५, शेवटी प्रोजेक्टरपर्यंत खाली उतरायला आणि थोडी सैल ठेवायला दीड. झाले साडेअकरा मीटर. म्हणजे १२ मीटरची केबल लागणार.

ही १२ मीटरची केबल साधी, म्हणजे पॅसिव्ह चालेल का? एचडीएमआयच्या मानकात लांबीची ठरावीक मर्यादा नाही. केबलने ठरावीक वेगाचा सिग्नल पुरेसा स्वच्छ पोहोचवावा, एवढीच अट आहे. म्हणून ‘किती मीटर’ हा प्रश्न ‘कोणत्या चित्रासाठी’ हे ठरवल्याशिवाय सुटत नाही. १०८०पी चित्र सेकंदाला ६० फ्रेमने पाठवायला सेकंदाला सुमारे साडेचार गिगाबिट लागतात. ४के चित्राला त्याच फ्रेमगतीने, रंगात काटछाट न करता, सुमारे १८ गिगाबिट लागतात, म्हणजे चौपट. तांब्याच्या तारेत वारंवारता वाढते तसा सिग्नल जास्त झिजतो आणि लांबी वाढली की त्यात भर पडते. त्यामुळे १०८०पी साठी उत्तम चालणारी १० मीटरची जाड पॅसिव्ह केबल ४के ६० ला हात टेकते. १८ गिगाबिटसाठी पॅसिव्ह केबलवर ५ ते ७ मीटरपुढे मी भरवसा ठेवत नाही. ४८ गिगाबिटच्या अल्ट्रा हाय स्पीड प्रकारात तर ५ मीटरच्या आसपासच गाडी अडते.

इथे एक गोष्ट लोकांना फार फसवते. सिनेमा बहुधा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, आणि ४के २४ ला साधारण ९ ते ११ गिगाबिट पुरतात. म्हणून सिनेमा छान दिसतो, पण प्लेअरचा ६० फ्रेमचा मेनू उघडला की पडदा काळा होतो. दोष प्लेअरला दिला जातो आणि केबल सुटते.

ॲक्टिव्ह कॉपर केबलमध्ये सिग्नल तांब्यातूनच जातो. प्रोजेक्टरकडच्या प्लगमध्ये एक छोटी चिप बसवलेली असते. वाटेत जास्त झिजलेल्या वरच्या वारंवारता ती उचलून धरते आणि सिग्नल पुन्हा नीटनेटका करून पुढे देते. तिला लागणारी वीज एचडीएमआयच्याच ५ व्होल्टच्या तारेतून मिळते. पण चिपपर्यंत जेवढं पोहोचलं तेवढ्यावरच ती काम करू शकते. गोंगाटात बुडालेला सिग्नल तिला परत आणता येत नाही. म्हणून चांगली ॲक्टिव्ह कॉपर केबल १८ गिगाबिटला साधारण १० ते १५ मीटरपर्यंत जाते. २० किंवा २५ मीटरच्या ॲक्टिव्ह केबल दिसतात, पण खोक्यावरचं बारीक अक्षर वाचा. बऱ्याचदा तो दावा फक्त १०८०पी साठी असतो.

ऑप्टिकल केबलमध्ये सोर्सकडच्या प्लगात चार बारीक लेझर असतात. चित्राच्या तीन वाहिन्या आणि एक घड्याळाची, असे चार प्रवाह प्रकाशात बदलून चार काचतंतूंमधून जातात आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा विजेत बदलतात. ३० मीटरच्या काचेत प्रकाशाची झीज नगण्य असते, म्हणून १० आणि ३० मीटरमध्ये चित्रापुरता फरक उरतोच कुठे. (साऊंडबारला लावायची ऑप्टिकल ऑडिओ केबल ही वेगळीच चीज आहे, तिच्यातून चित्र जात नाही.)

पण बहुतेक ऑप्टिकल एचडीएमआय केबल पूर्ण काचेच्या नसतात. प्रोजेक्टर कोणती चित्रं दाखवू शकतो ही माहिती, कॉपी-संरक्षणाची बोलणी, ‘मी जोडला गेलोय’ हा इशारा आणि ५ व्होल्टची वीज हे सगळं तांब्याच्या बारीक तारांतूनच जातं. नेमक्या याच तारा फार लांब केबलमध्ये अडचण करतात. मानकाप्रमाणे सोर्सने त्या तारेवर किमान ५५ मिलिॲम्पिअर द्यायचे असतात, आणि तेवढ्यात दोन्ही टोकांचं इलेक्ट्रॉनिक्स चालवायचं असतं. एखादा प्लेअर वीज जेमतेम देत असेल, तर तीच केबल एका उपकरणावर चालते आणि दुसऱ्यावर रुसते. यासाठी काही केबलना यूएसबीतून जादा वीज देण्याची शेपटी असते. ती असेल तर जोडावी.

यामुळे बिघाडाची लक्षणंही वेगळी दिसतात. चित्रावर चमचमणारे पांढरे ठिपके येत असतील किंवा पडदा मधूनच सेकंदभर काळा होत असेल, तर वेगवान वाहिन्या कमी पडतात. सेटिंगमध्ये १०८०पी ६० निवडून पाहा. ठिपके गेले, तर केबलची क्षमता अपुरी आहे. उलट, चित्रच येत नसेल किंवा ४के हा पर्यायच दिसत नसेल, तर संशय तांब्याच्या संथ तारांवर, ५ व्होल्टवर किंवा उलट्या लावलेल्या टोकांवर घ्या. दोन्ही प्रकारच्या केबल एकाच दिशेने चालतात, हे इथे विसरायचं नाही.

आपल्या १२ मीटरच्या खोलीत केबल छताच्या कडेने उघडी जाणार असेल, तर १८ गिगाबिटसाठी पडताळलेली ॲक्टिव्ह कॉपर मला पुरेशी वाटते. बिघडली तर काढून दुसरी लावता येते, आणि चुकून पाय पडला तरी ती सोसते. भिंतीत किंवा पाइपातून जाणार असेल, तर मी ऑप्टिकलच घेईन. ती बारीक आणि हलकी असते, प्रोजेक्टरच्या पोर्टवर भार टाकत नाही आणि १२ मीटरला तिची दमछाक होत नाही. फक्त ती कोपऱ्यावर काटकोनात वाकवू नका, गोलाई ठेवा, आणि प्लगला दोरी बांधून ओढू नका. काचतंतू तुटला तर तो घरी जोडता येत नाही. पाइप अरुंद असेल तर टोकाचा प्लग वेगळा होणारी ऑप्टिकल केबल मिळते, तिचं छोटं टोक सहज आत जातं.

ओढण्याआधी केबल जमिनीवर पसरून दोन्ही उपकरणांना जोडा, ४के ६० चं चित्र लावा आणि तासभर चालू ठेवा. या तासात एकही ठिपका दिसला किंवा पडदा एकदाही काळा झाला, तर ती केबल पाइपात घालू नका.