थोरल्याचे पंचवीस, धाकट्याचे अठ्ठावन्न

कोल्हापूरजवळ दोन भावांचं एक मशीनशॉप आहे असं समजा. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, दहा रुपयांचे एक लाख शेअर. साठ हजार थोरल्याचे, चाळीस हजार धाकट्याचे. धाकट्याला बाहेर पडायचं आहे. कंपनी शेअर बाजारात नाही, म्हणजे मोबाइलवर भाव बघायची सोय नाही. धाकटा म्हणतो, शेअरला 58 रुपये दे. थोरला म्हणतो, 25 च्या वर दमडी नाही. गंमत म्हणजे दोघांचंही गणित बरोबर आहे.

धाकट्याने धरली निव्वळ मालमत्ता पद्धत. आज कंपनी मोडली, सगळी देणी चुकती केली, तर शेअरमागे काय उरेल? यात ताळेबंदातले आकडे तसेच उचलून चालत नाही. ताळेबंदात जमीन 6 लाखांची दिसते, कारण ती वडिलांनी घेतली तेव्हाची किंमत आहे. आजचा भाव 40 लाख. यंत्रं पुस्तकात 18 लाखांची, विकायला काढली तर 14. बारा लाखांच्या मालात दोन लाखांचा माल कधीच न खपणारा, म्हणून 10. येणं 15 लाख, त्यातलं एक बुडीत, म्हणून 14. बँकेत 4. शिवाय जाहिरातीवर झालेला 3 लाखांचा खर्च पुढे ओढलेला आहे आणि तो चक्क मालमत्तेच्या बाजूला बसलाय. तो विकत कोण घेणार? तो सोडला. एकूण 82 लाख.

आता देणी. कर्ज आणि पुरवठादार मिळून 20 लाख, आणि कामगारांच्या ग्रॅच्युइटीचे 4 लाख, ज्यांची तरतूदच केलेली नव्हती. घाईत नेमकं हेच राहून जातं. 82 वजा 24, उरले 58 लाख. शेअरला 58 रुपये.

थोरल्याचा मुद्दा साधा: “कंपनी मोडायची कुणाला आहे? मला मिळणार तो नफा.” ही उत्पन्न पद्धत. तीन वर्षांचा करोत्तर नफा 3.6, 4.2 आणि 4.8 लाख. शेवटच्या वर्षात जुनं लेथ विकून आलेले 60 हजार आहेत. ते दरवर्षी येणारे नव्हेत, म्हणून वगळले. सरासरी बसली 4 लाख. भांडवल 10 लाख, म्हणजे कमाईचा दर 40 टक्के. अशा धंद्यातली जोखीम पाहता गुंतवणूकदार 16 टक्के अपेक्षितो असं धरलं, तर 40 भागिले 16, गुणिले दर्शनी मूल्य 10. उत्तर 25 रुपये.

या पद्धतीचा कच्चा दुवा म्हणजे तो 16. कुणी 12.5 धरला की भाव 32 होतो. दर कुठून आणला, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि मूठभर शेअर असलेल्याला नफ्याचा हिशेबही लागू पडत नाही. त्याच्या हातात लाभांशच येतो, म्हणून तिथे नफ्याऐवजी लाभांशाचा दर घेतात.

मग सीए दोन्हींची सरासरी काढतो: 58 अधिक 25, भागिले 2, म्हणजे 41 रुपये 50 पैसे. याला वाजवी मूल्य म्हणतात. सरासरीमागे खोल सिद्धांत वगैरे नाही, तडजोड आहे. 1992 पर्यंत, कंपन्यांना नवे शेअर काढायला परवानगी देणारं केंद्र सरकारचं भांडवल निर्गम नियंत्रकाचं कार्यालय अशाच धर्तीवर शेअरची किंमत ठरवत असे, त्यामुळे ही रीत हाडात मुरली. तिकडे सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये महादेव जालान प्रकरणात चालू कंपनीसाठी सर्वसाधारणपणे उत्पन्न पद्धतीकडे कल दिला होता. मोडीचा हिशेब गुंडाळायला आलेल्या कंपनीसाठी.

पण 58 आणि 25 मध्ये एवढी दरी का, हे सरासरी सांगत नाही. 58 लाखांची मालमत्ता वर्षाला 4 लाख कमावते, म्हणजे सात टक्केही नाही. एवढी मालमत्ता करते काय? आवारात जाऊन पाहिलं तर कळतं: शेड अर्ध्या जमिनीवर आहे, उरलेल्या अर्ध्यावर गवत. त्या 20 लाखांच्या जमिनीचा नफ्याशी काडीचा संबंध नाही, म्हणून उत्पन्न पद्धतीला ती दिसतच नाही. सरासरीत ती निम्म्याच किमतीला मोजली गेली.

अशी धंद्याबाहेरची मालमत्ता आधी बाजूला काढायची असते. ती काढल्यावर मालमत्ता मूल्य 38, उत्पन्न मूल्य तेच 25, सरासरी 31.50. त्यात मोकळ्या जमिनीचे शेअरमागे 20 रुपये पूर्ण मिळवले की 51.50. ती जमीन विकताना लागणारा कर थोरला त्यातून वजा करायला सांगेल, आणि ते रास्तच आहे. तो कर धरायच्या आधी धाकट्याच्या चाळीस हजार शेअरांवर फरक पडतो चार लाखांचा, निव्वळ त्या गवतापायी.