एकाच डोळ्यात चमकणारे काजवे

रात्री दिवा मालवला आणि काकांना उजव्या डोळ्याच्या कडेला, कानाच्या बाजूला, वीज चमकल्यासारखं दिसलं. खिडकी बंद होती. नजर फिरवली की पुन्हा तीच कमान. सकाळी दाढी करताना आरशावर डास बसलाय म्हणून त्यांनी हात मारला, तर डास उडाला नाही, नजरेबरोबर सरकला. वय ६१, शाळेपासून जाड चष्मा, नंबर उणे ७. दुखत काहीच नव्हतं आणि पेपर नेहमीसारखा वाचता येत होता. "रविवारी दाखवू," काका म्हणाले. त्या दिवशी बुधवार होता.

डोळ्याच्या पोकळीत सुमारे ४ मिली पारदर्शक जेली असते. तिला काचद्रव म्हणतात. तिच्यात जवळजवळ सगळं पाणीच, पण ते कोलॅजनच्या बारीक धाग्यांनी धरून ठेवलेलं असतं. वय वाढतं तसं हे जाळं विरघळू लागतं, जेली आक्रसते आणि एक दिवस डोळ्याच्या मागच्या पडद्यापासून, म्हणजे रेटिनापासून, सुटून येते. पन्नाशी-साठीनंतर हे बहुतेकांच्या बाबतीत कधी ना कधी घडतं. उणे नंबर मोठा असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल, तर आधीही घडतं. सुटताना ती पडद्याला ओढते. पडद्याला वेदनेच्या नसा नाहीत. त्याला ओढा, दाबा, काहीही करा, मेंदूला तो एकच गोष्ट कळवतो: प्रकाश. डोळे जोरात चोळल्यावर जे रंग दिसतात, त्यांचं कारणही हेच. आणि तो 'डास' म्हणजे सुटलेल्या जेलीतल्या गुंत्याची पडद्यावर पडणारी सावली.

बहुतेकांचा पडदा ही ओढ निभावून नेतो. पण अशी लक्षणं घेऊन येणाऱ्या साधारण सात जणांपैकी एकाच्या पडद्याला चीर गेलेली सापडते, कारण काही ठिकाणी जेली पडद्याला घट्ट चिकटलेली असते. अडचण अशी की चीर गेलेल्याला आणि न गेलेल्याला सुरुवातीला दिसतं अगदी सारखंच. एकदम काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा काजळीचा धूर पसरल्यासारखं वाटलं, तर रक्त उतरलं असण्याची आणि चिरेची शक्यता बरीच वाढते. पण एकच डास दिसला म्हणजे धोका नाही, असं घरी बसून ठरवता येत नाही.

काकूंनी रविवार ऐकून घेतला नाही. दुपारी दोघं रिक्षाने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. स्कूटर घरीच ठेवली हे बरं झालं, कारण बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास उजेड सोसत नाही. त्या थेंबांशिवाय पडद्याच्या कडा दिसत नाहीत, म्हणून चष्म्याच्या दुकानातल्या नंबर-तपासणीवर हे काम भागत नाही. अर्ध्या तासाने डॉक्टरांनी आधी यंत्रातून पाहिलं. काचद्रवात तपकिरीच्या पुडीसारखे कण तरंगत होते. हे रंगकण पडद्याच्या मागच्या थरातून चिरेवाटे बाहेर येतात. मग डोक्याला दिवा बांधून, हातात भिंग धरून आणि पापणीवरून धातूच्या काडीने डोळा हलकेच दाबत त्यांनी कडा पाहिल्या. घड्याळात दहा वाजतात त्या जागी घोड्याच्या नालेसारखी चीर होती.

खरी घाई आहे ती इथे. चिरेतून पाणी झालेलं काचद्रव पडद्यामागे शिरू लागतं आणि भिंतीवरचा ओला कागद सुटावा तसा पडदा सुटत जातो. प्रकाश टिपणाऱ्या पेशींचं पोषण मुख्यतः मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून होतं. तो दुरावला की त्यांची उपासमार सुरू होते. अशा वेळी रुग्णाला नजरेच्या एका बाजूने खिडकीचा पडदा ओढल्यासारखी सावली दिसते. वरची चीर असेल तर सावली खालून येते, कारण पडद्यावरचं चित्र उलटं असतं. सुटणं मध्यबिंदूपर्यंत पोचायला कधी आठवडे लागतात, कधी एक-दोन दिवस पुरतात. मध्यबिंदू सुटल्यानंतर ऑपरेशनने पडदा बसतो, पण बारीक अक्षर वाचणारी नजर पूर्ववत येईलच असं नाही. १९२०च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे डोळ्यांचे डॉक्टर ज्यूल गोनँ यांनी मूळ दुखणं ही चीरच आहे आणि ती बंद केली तर पडदा वाचतो हे दाखवून दिलं. त्याआधी पडदा सुटला म्हणजे तो डोळा गेलाच, असं धरलं जाई.

काकांचा पडदा अजून जागेवर होता, म्हणून बाह्यरुग्ण विभागातच खुर्चीवर बसवून लेझर झालं. लेझर चीर शिवत नाही. चिरेभोवती भाजल्याच्या ठिपक्यांच्या दोन-तीन रांगा उठवतं. त्या जागी व्रण धरून पडदा मागच्या थराला चिकटतो आणि पाणी पुढे सरकत नाही. व्रण पक्का व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, तोवर सावली दिसली तर लगेच परत यायला सांगितलं होतं. चीर सापडली नसती, तरी काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी ठरलीच असती, कारण जेली पूर्ण सुटेपर्यंत नवी चीर पडू शकते.

दोन्ही डोळ्यांसमोर नागमोडी, चमचमती रेघ वीसेक मिनिटं पसरत जाऊन विरली, तर ती बहुधा अर्धशिशी असते. एक-एक डोळा झाकून पाहिलं की फरक कळतो. वर्षानुवर्षांचे जुने, न बदलणारे ठिपकेही वेगळे. नवे ठिपके, नवी चमक आणि एकच डोळा असं जमलं, तर त्याच दिवशी जायचं आणि फोनवरच सांगायचं की पडदा तपासायचा आहे.

काकांचा डास अजून आहे. पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की दिसतो. लेझरने तो जात नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.