वरच्या इंद्रधनुष्याचे रंग उलटे का?

पावसाळ्यात संध्याकाळी पश्चिमेला ऊन पडलं आणि पूर्वेला सर चालूच असली, की नागपुरात फुटाळा तलावावरचे मोबाइल एकदम पूर्वेकडे वळतात. अशा एखाद्या फोटोत दोन कमानी दिसल्या तर रंग नीट बघ. खालच्या, ठळक कमानीत तांबडा रंग बाहेर असतो. वरच्या, फिकट कमानीत तो आत असतो, आणि दोघींमधलं आकाश जरा काळपट दिसतं. हा काळपट पट्टा सुमारे अठराशे वर्षांपूर्वी अलेक्झांडर नावाच्या ग्रीक अभ्यासकाने नोंदवला, म्हणून त्याला आजही त्याचंच नाव आहे.

उलट्या रंगांचं कोडं सुटायला आणखी हजारेक वर्षं गेली. १३०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जर्मनीतल्या थिओडोरिकने आणि इराणातल्या कमालुद्दीन अल-फारिसीने, एकमेकांची काहीच माहिती नसताना, एकच युक्ती केली. पावसाचा थेंब हातात धरून तपासता येत नाही, म्हणून त्यांनी पाण्याने भरलेला काचेचा गोल घेतला आणि प्रकाश त्यात कसा फिरतो ते पाहिलं. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

त्यांना दिसलं ते असं: किरण थेंबात शिरताना वाकतो, मागच्या भिंतीवरून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. ही झाली खालची कमान. काही किरण मात्र आत दोनदा परततात. ते थेंबात उलट्या दिशेने फिरून बाहेर येतात, म्हणून त्यांच्या रंगांचा क्रमही उलटतो. दर वेळी थोडा प्रकाश थेंबाबाहेर निसटत असल्याने वरची कमान फिकी पडते.

कमानी ठरावीक उंचीवरच का, ते फ्रेंच गणितज्ञ देकार्तने १६३७ मध्ये गणिताने दाखवलं. सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेपासून मोजलं, तर एकदा परतलेले किरण ४२ अंशांजवळ दाटतात, दोनदा परतलेले ५१ अंशांजवळ. मधल्या जागेतून असा प्रकाश डोळ्यांपर्यंत येतच नाही, म्हणून तो काळपट पट्टा. प्रत्येक रंग वेगवेगळा वाकतो, हे पुढे न्यूटनने लोलकाने सिद्ध केलं.

हे अंश तुला हातानेही मोजता येतील. हात ताणून बोटं पसरलीस, की वीत साधारण २० अंशांची भरते. तुझ्या डोक्याच्या सावलीपासून वर मोज: दोन वितींवर पहिली कमान, अडीचवर दुसरी. जमिनीवर उभं राहून पहिली कमान दिसायला सूर्य ४२ अंशांच्या खाली हवा. जुलैत नागपूरचा सूर्य भरदुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दुपारी चारच्या आधी तिची वाट बघू नकोस.

फोटोतलं कडं सूर्याभोवतीच, एका वितीवर असेल, तर ते इंद्रधनुष्य नव्हे. ते उंचावरच्या पातळ ढगांतल्या बर्फाच्या कणांमुळे पडलेलं खळं आहे. ते बघताना सूर्य एखाद्या इमारतीआड झाकूनच घे.