साठवण गिझरची सुरक्षितता

टाकीत पाणी साठवून विजेच्या कॉईलने ते तापवणारा गिझर दोन खुणांनी आपली अवस्था सांगतो. एक म्हणजे जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून अधूनमधून पडणारे थेंब आणि दुसरी म्हणजे नळाला हात लावताच येणाऱ्या झिणझिण्या. व्यवहारात या खुणा बरेचदा उलट्या वाचल्या जातात. थेंब पडले की बिघाड समजून व्हॉल्व्ह बंद केला जातो, आणि झिणझिण्या मात्र ‘थोडा करंट लागतो’ म्हणून महिनोन्‌महिने सोसल्या जातात.

कॉईल म्हणजे धातूची नळी. तिच्या मधोमध तापणारी तार असते आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची निरोधक भुकटी ठासलेली असते. नळीवर क्षारांचा थर चढला की उष्णता पाण्यात नीट जात नाही, नळी प्रमाणाबाहेर तापते आणि कालांतराने तिला बारीक चीर पडते. भुकटी ओलावली की वीज तारेतून पाण्यात व टाकीच्या धातूत झिरपू लागते. अर्थिंग शाबूत असेल तर ही गळती अर्थच्या तारेने निघून जाते आणि नळाशी काहीच जाणवत नाही. म्हणजे झिणझिण्या येतात तेव्हा बहुधा दोन दोष एकत्र असतात : कॉईल गळते आहे आणि अर्थची वाट तुटलेली आहे.

मग झटका सौम्य का लागतो? समजा टाकी २३० व्होल्टवर गेली आहे आणि तिथून नळापर्यंत १५ मिलिमीटर आतील व्यासाचा एक मीटर प्लास्टिक पाइप आहे. ५०० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर वाहकतेच्या पाण्याचा एवढा स्तंभ सुमारे १ लाख १० हजार ओहम रोध देतो. ओल्या फरशीवर उभ्या माणसाच्या अंगाचा रोध त्यापुढे किरकोळ असतो. त्यामुळे अंगातून साधारण २ मिलिअँपिअर वाहतात, आणि सुमारे १ मिलिअँपिअरपासूनच प्रवाह जाणवू लागतो. पाइप अर्धा मीटरच असेल तर हा आकडा ४ होतो, आणि त्यात पाणीही दुप्पट क्षारयुक्त असेल तर ८. दहाच्या आसपास स्नायू आखडून पकड सुटेनाशी होते. पाइप धातूचा असेल तर पाण्याच्या स्तंभाचा अडसरच उरत नाही. मग प्रवाह १०० मिलिअँपिअरच्याही वर जाऊ शकतो आणि तो जीवघेणा असतो. झिणझिण्या सौम्य ठेवतो तो पाइप, गिझर नव्हे.

दोष शोधताना बटण बंद करणे आणि प्लग काढणे यांतला फरक उपयोगी पडतो. बटणाने झिणझिण्या थांबल्या तर कॉईलवर संशय घ्यावा. बटण बंद असूनही त्या येतात, पण प्लग काढल्यावर थांबतात, तेव्हा दोन शक्यता उरतात. एक तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असते आणि कॉईल सतत जिवंत राहते. नाहीतर अर्थची सामायिक तार पुढे कुठेतरी तुटलेली असते आणि दुसऱ्याच उपकरणाची गळती तिच्यातून उलट गिझरच्या अंगावर येते. या दुसऱ्या प्रकारात नवी कॉईल घालूनही काही फरक पडत नाही. नेमके निदान इलेक्ट्रिशियन मेगरने कॉईलचा निरोध आणि मीटरने अर्थ तपासून करतो. तोवर प्लग काढून ठेवावा आणि नळाला हात लावू नये.

प्रवाह फार वाढला तरच वीज तोडणारी एमसीबी अशा गळतीला दाद देत नाही, कारण तिच्या लेखी हा प्रवाह नगण्य असतो. आरसीसीबी फेज व न्यूट्रलमधल्या प्रवाहांची तफावत पाहते आणि ती मर्यादेबाहेर गेली की वीज तोडते. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरची असते, त्यामुळे वरच्या उदाहरणातल्या २ मिलिअँपिअरला तीही गप्प राहते. अर्थिंग चांगले असेल तर गळती तारेने वाहून मर्यादा ओलांडते आणि कोणी नळाला हात लावण्याआधीच आरसीसीबी पडते. अर्थिंगला ती पर्याय ठरत नाही.

व्हॉल्व्हच्या थेंबांचे कारण अगदी साधे आहे. पाणी १० वरून ६० अंशांवर गेले की सुमारे १.७ टक्के फुगते. २५ लिटरच्या टाकीत हे जवळपास ४०० मिलिलिटर होतात. थंड पाण्याच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असल्याने त्यांना मागे जाता येत नाही, म्हणून ते प्रेशर रिलीज व्हॉल्व्हमधून गळतात. तोच बुजवला आणि पुढे तापमान राखणारा थर्मोस्टॅट व पाणी अति तापल्यास वीज तोडणारा कटआउट दोन्ही अडकले, तर पाणी न उकळता १०० अंशांच्या पुढे तापत राहते. ८ बार दाबाखाली ते सुमारे १७५ अंशांपर्यंत द्रवच असते. टाकी फाटली की त्यातला सातवा हिस्सा क्षणात वाफ होतो आणि वाफ पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा मागते.

म्हणून व्हॉल्व्हची नळी खाली उतरती व उघडी ठेवतात आणि तिच्यावर तोटी बसवत नाहीत. चाचणीची दांडी असल्यास पाणी थंड असताना ती अधूनमधून उचलून पाहतात : पाणी यायला हवे आणि दांडी सोडताच थांबायलाही हवे. गिझर थंड असूनही धार चालूच राहिली, तर व्हॉल्व्हच्या बैठकीत क्षार अडकला आहे किंवा पुरवठ्याचाच दाब जास्त आहे.