सातबाऱ्यावरचं नाव चुकलंय? तहसीलदारांना अर्ज कसा लिहायचा (आमच्या ग्राहकांसाठी)

आमचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान तहसील कचेरीच्या समोरच आहे, त्यामुळे दिवसभर अर्जच अर्ज. बरेच जण घरून हाताने लिहून आणतात आणि म्हणतात "जसंच्या तसं टाईप करा". करतो आम्ही, पण कधीकधी आधी बोलावं लागतं, म्हणून हा कागद छापलाय.

गेल्या पावसाळ्यात एक काका आले होते, हातात दोन पानी अर्ज. सुरुवातच अशी की "परमआदरणीय मा. श्री. तहसीलदार साहेब सो. यांचे चरणी साष्टांग नमस्कार, आपण गोरगरिबांचे कैवारी असून आपल्या कर्तव्यदक्षतेची कीर्ती सर्व तालुक्यात..." आणि असं करत करत पहिलं पान संपलं. दुसऱ्या पानावर घरची परिस्थिती, मुलीचं लग्न, बोअर आटली, सगळं खरं होतं बरं का, पण गट नंबर कुठेच नाही. मूळ भानगड एवढीच होती की कॉम्प्युटरच्या सातबाऱ्यावर वडिलांचं नाव ज्ञानोबाचं ज्ञानदेव झालं होतं आणि आधारशी जुळेना म्हणून बँकेने पीककर्ज अडवलं होतं.

आता कचेरीत काय होतं ते बघा. अर्ज आधी बारनिशीत जातो, तिथला क्लार्क विषय वाचतो, रजिस्टरला चढवतो आणि कुठल्या टेबलाला पाठवायचा ते ठरवतो. विषयाच्या ओळीत नुसतं "न्याय मिळणेबाबत" असेल तर त्याने तरी काय समजायचं, जमिनीचं आहे का रेशनकार्डाचं? कौतुकाची ओळ त्या रजिस्टरमध्ये कुठेच लिहिली जात नाही, गट नंबर लिहिला जातो.

काकांचा अर्ज आम्ही शेवटी असा केला (नंबर बदललेत, तुम्ही तुमचे टाका) :

दिनांक : ...

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, ..., जि. ...

अर्जदार : (पूर्ण नाव), रा. मौजे ..., ता. ..., मोबाईल ...

विषय : मौजे ... येथील गट नं. २१४ च्या ७/१२ वरील वडिलांच्या नावातील लेखन प्रमाद दुरुस्त होणेबाबत.

संदर्भ : महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १५५.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करतो की, मौजे ... येथील गट नं. २१४, खाते क्र. ८७ ही जमीन माझ्या नावे आहे. हस्तलिखित ७/१२ वर व फेरफार क्र. १०४२ मध्ये माझ्या वडिलांचे नाव "ज्ञानोबा" असे आहे. संगणकीकृत ७/१२ वर मात्र ते "ज्ञानदेव" असे नमूद झाले आहे. या फरकामुळे माझे पीककर्जाचे प्रकरण बँकेत थांबले आहे.

तरी सोबतची कागदपत्रे पाहून सदर नोंद "ज्ञानोबा" अशी दुरुस्त करण्याचा आदेश व्हावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही)

सोबत : १) चालू ७/१२ व ८अ २) जुना हस्तलिखित ७/१२ ३) फेरफार उतारा ४) आधारकार्ड झेरॉक्स

बस. एका पानात मावलं, आणि यात साहेबांचा मान कुठे कमी झालाय सांगा.

मान कशात असतो ते जरा सांगतो, कारण गडबड तिथेच होते. "मा." म्हणजे माननीय, आदर तिथेच झाला. त्यावर परत श्री., मग साहेब, मग सो. लावलं की काय होतं, सो. म्हणजे पण साहेबच ना, म्हणजे एकाच माणसाला दोनदा साहेब. अधिकाऱ्याचं नाव घालू नका, अर्ज पदाला असतो, उद्या बदली झाली तरी तो चालतो. "यांचे सेवेशी" हे जुनं वळण आहे, चूक नाही, पण नसलं तरी काही बिघडत नाही. तहसीलदार बाई असतील तर "महोदया", आणि माहितीच नसेल तर "महोदय / महोदया" दोन्ही लिहा, "मॅडम" हे समोर बोलताना ठीक. अर्ज करणारी बाई असेल तर "सादर करते" आणि "आपली विश्वासू", हे टाईप करताना आमच्याकडूनही राहतं कधी, सही करायच्या आधी वाचून घ्या.

"सा. न. वि. वि." आणि "कळावे, लोभ असावा" हे मामाला पत्र लिहिताना. कचेरीत नको.

सगळ्यात जास्त वाद होतो तो शेवटच्या ओळीवरून. काकांचं म्हणणं "आदेश देण्याची कृपा करावी" असंच पाहिजे. पण कागदावर नाव चुकलंय आणि ते दुरुस्त करायची सोय कायद्यातच आहे, मग कृपा कसली? उलट "आदेश द्या" लिहिलं तर हुकूम सोडल्यासारखं वाटतं. "आदेश व्हावा, ही विनंती" यात मराठीने मधला रस्ता आधीच काढून ठेवलाय, व्हावा मध्ये अदब पण आहे आणि लाचारी नाही. "कृपया" एखाद्या वेळी आलं तर चालेल, दर ओळीला नको.

आणि एक उलटं टोक पण असतं. पहिल्याच अर्जात "अन्यथा उपोषणास बसेन" आणि खाली प्रत मुख्यमंत्री, जिल्हाधिकारी, पत्रकार. अहो आधी अर्ज आत तर जाऊ द्या!

आता महत्त्वाचं, हा अर्ज सगळ्यांना लागू नाही. कलम १५५ हे लिहिण्यातल्या चुकांसाठी आहे. ओळखायची खूण सोपी, फेरफार काढून बघा. फेरफारात नाव बरोबर आहे आणि सातबाऱ्यावर उतरवताना चुकलंय, तर हा अर्ज चालतो. पण फेरफारातच तुमचं नाव नाही, किंवा भावाने हिस्सा वेगळा लावून घेतलाय आणि तो मान्य करत नाही, तर ती लेखनाची चूक नव्हे, तो वाद आहे, त्याला प्रांतांकडे कलम २४७ खाली अपील असतं. तिथे वकील बघा, आमच्याकडून टाईप करून पैसे वाया घालवू नका (आम्हालाच नंतर ऐकावं लागतं).

आदेश झाला म्हणजे लगेच सातबारा बदलला असंही नाही. त्या आदेशावरून तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफार धरतात आणि मंडळ अधिकारी तो मंजूर करतात, मग नवीन उताऱ्यावर नाव दिसतं. तेव्हा आदेशाची प्रत हातात ठेवा आणि तलाठ्याकडे चक्कर मारा.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक बारनिशीत द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा. नंतर विचारायला गेलात की पहिला प्रश्न आवक नंबरचाच असतो, आणि "मी मागच्या महिन्यात दिला होता" एवढ्यावर कोणी फाईल शोधत नाही. कोर्ट फी स्टँप लागतो का ते खिडकीवर विचारून मगच चिकटवा.

टाईप करायला येताना जुना हस्तलिखित सातबारा आणि फेरफार उतारा घेऊन या. चालू सातबारा नसेल तर इथेच डिजिटल सहीचा काढून देतो, त्याची सरकारी फी १५ रुपये, प्रिंटचे वेगळे. आणि चष्मा आणा हो, नावातली वेलांटी तुम्हीच तपासायचीय.