थालीपीठ: मिश्र पिठांचे, कापडावर थापलेले

थालीपीठ दोन प्रकारच्या पिठांचे होते. एक भाजणीचे, म्हणजे धान्ये व डाळी भाजून दळलेल्या पिठाचे. दुसरे घरात असलेली कच्ची पिठे ऐनवेळी एकत्र करून केलेले. ही नोंद दुसऱ्या प्रकाराची आहे. कापडावर पातळ थापताना थालीपीठ तुटते ते बहुतेक वेळा हाताच्या चुकीने नव्हे, तर पीठ भिजवताना पाण्याचा अंदाज चुकल्याने.

मध्यम आकाराच्या पाच थालीपिठांसाठी ज्वारीचे पीठ 100 ग्रॅम, बाजरीचे 50, कणीक 50, बेसन 25 आणि तांदळाचे पीठ 25 ग्रॅम घेतात. ज्वारी-बाजरीला कणकेसारखा चिवटपणा नसतो, म्हणून थालीपीठ एकसंध राहण्याचा भार कणीक आणि बेसनावर पडतो. कणीक फार वाढवली तर थापलेले पीठ आखडते आणि थालीपीठ वातड होते. ती अजिबात वगळली तर कडा भेगाळतात. तांदळाच्या पिठाने कुरकुरीतपणा येतो. ज्वारीचे पीठ जुने असेल, त्याची विरी गेली असेल, तर पिठाचा निम्मा भाग उकळत्या पाण्यात कालवून झाकून ठेवावा व कोमट झाल्यावर बाकीच्या पिठात मिसळावा. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलून चिकट होतो आणि तोच पीठ धरून ठेवतो.

एक मोठा कांदा (सुमारे 100 ग्रॅम) अगदी बारीक चिरतात. जाड फोड थापताना बोटाखाली अडते आणि तिच्याभोवतीच भेग पडते. कांद्यात एक चहाचा चमचा मीठ, लाल तिखट, हळद, हिंग, थोडा ओवा, धने-जिरे पूड, तीळ आणि मूठभर कोथिंबीर घालून चुरावे व पाच मिनिटे ठेवावे. कांद्याला पाणी सुटते ते आधीच सुटू द्यायचे. नाहीतर बरोबर भिजवलेले पीठ दहा मिनिटांत सैल होते आणि तिसऱ्या-चौथ्या थालीपिठाला कापड सोडवत नाही. नंतर सगळी पिठे आणि दोन चमचे तेल घालून चोळावे आणि कोमट पाणी थोडेथोडे घालत भिजवावे. पाणी साधारण 175 ते 200 मिलिलिटर लागते, तरी शेवटचा अर्धा घोट हाताच्या अंदाजानेच घालायचा. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा बरेच सैल हवे. गोळा तळहातावर ठेवून दाबला की कडा न फाटता पसरल्या पाहिजेत. फाटल्या तर पाण्याचा हबका मारून पुन्हा मळावे. गोळा हाताला लिबलिबीत चिकटून राहिला तर ज्वारीचे पीठ भुरभुरावे.

कापड सुती, पातळ आणि वापरून मऊ झालेले घ्यावे: जुन्या पंचाचा किंवा धोतराचा तुकडा उत्तम. नव्या कापडातली खळ आधी धुऊन काढावी लागते. कृत्रिम धाग्याचे कापड पाणी धरत नाही आणि गरम तव्याशी ते धोक्याचेही आहे. कापड भिजवून घट्ट पिळावे व पोळपाटावर ताणून पसरावे. कोरडे राहिले तर पीठ धाग्यांत रुतते. निथळते राहिले तर गोळा खालून घसरतो आणि तव्यातल्या तेलात पाणी पडून तडतडते.

सुमारे 100 ग्रॅमचा गोळा मधोमध ठेवून पाण्यात बुडवलेल्या बोटांनी थापायला घ्यावे. दाब मधून कडेकडे, आणि पोळपाट थोडाथोडा फिरवत. बोटे ओढायची नाहीत, ओढली की वरचा थर सरकतो आणि खाली चीर राहते. फक्त दाबून उचलायची. कड फुटू लागली की दुसऱ्या हाताच्या कडेने तिला आत लोटून पुन्हा दाबावे. 17-18 सेंटिमीटर व्यास झाला की जाडी तीन-साडेतीन मिलिमीटर भरते. याहून पातळ केले तर कांद्याच्या फोडी वर येऊन जाळी पडते. मध्ये एक आणि भोवती चार भोके पाडतात. त्यांतून तेल खाली जाते आणि मधला भागही भाजतो.

तवा मध्यम तापवून तेल पसरावे. कापडाची दोन टोके धरून थालीपीठ कापडासह तव्यावर उलटे टाकावे, कापड वर येते. लगेच खेचू नये: पाठीवर पाण्याचा हात फिरवून आठ-दहा सेकंद थांबावे आणि मग एका कडेपासून, जवळजवळ तव्याला समांतर, सावकाश सोलावे. सरळ वर उचलले तर कापडाबरोबर थालीपिठाचा लचका येतो. आलाच तर तो लचका तव्यावरच ओल्या बोटाने बसवता येतो, पण चटका जपून. भोकांत आणि कडेने तेल सोडून झाकण ठेवावे, तीन मिनिटांनी उलटून दुसरी बाजू झाकण न ठेवता खरपूस करावी. तवा जास्त तापला असेल तर खालची बाजू काळवंडते आणि कांदा कच्चा राहतो.

प्रत्येक थालीपिठानंतर कापड पाण्यातून काढून, चिकटलेले कण चोळून, पुन्हा पिळावे. त्या वाळलेल्या कणांनाच पुढचे थालीपीठ धरून बसते.