चित्र फाटते की माउस जड लागतो? व्ही-सिंक, अडॅप्टिव्ह सिंक आणि फ्रेम कॅप

मॉनिटर घरी नेल्यावर पहिल्या काही दिवसांत आम्हाला ज्या तक्रारी येतात, त्यांत दोन हमखास असतात. एक म्हणजे, गेममध्ये भरकन वळले की चित्र मधेच आडवे कापल्यासारखे दिसते. दुसरी म्हणजे, चित्र स्वच्छ आहे, पण माउस जड लागतो. हात आधी फिरतो आणि चित्र मागून येते. बहुतेक वेळा मॉनिटरमध्ये दोष नसतो. पहिली तक्रार घालवायला जे सेटिंग केले, त्यातूनच दुसरी सुरू झालेली असते. दोन्ही एकदम कमी करता येतात, पण त्यासाठी या तीन सेटिंगांपैकी कोणते नेमके काय करते हे माहीत हवे.

आधी चित्र फाटते कसे ते पाहू. मॉनिटर पूर्ण चित्र एका झटक्यात दाखवत नाही. तो वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ रंगवत जातो. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० फेऱ्या मारणाऱ्या मॉनिटरवर अशी एक फेरी सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते. ग्राफिक्स कार्डाला या फेरीशी देणेघेणे नसते. फ्रेम, म्हणजे गेमचे एक पूर्ण चित्र, तयार झाली की ते जुनी काढून नवी ठेवते. मॉनिटर अर्ध्यावर असताना ही अदलाबदल झाली, तर वरचा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्या फ्रेमचा दिसतो. हेच टेअरिंग. ते ओळखायचे असेल तर गेममध्ये एखाद्या खांबासमोर किंवा दाराच्या चौकटीसमोर उभे राहा आणि माउस डावी-उजवीकडे झपाट्याने फिरवा. उभी कड मधेच तुटून सरकलेली दिसली तर ते टेअरिंग आहे. चित्र सलग आहे पण मधेच अडखळते, असे असेल तर तो वेगळा प्रकार. स्क्रीनशॉट काढून आम्हाला पाठवू नका. त्यात टेअरिंग येतच नाही, कारण तो कार्डाच्या मेमरीतली पूर्ण फ्रेम उचलतो.

नुसत्या फ्रेम कॅपने टेअरिंग जाते, असा समज बराच पसरलेला आहे. मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे, तेव्हा कॅप ६० वर ठेवला की दोघे जुळतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण कॅप फक्त सेकंदाला किती फ्रेम हे ठरवतो. फ्रेम मॉनिटरच्या फेरीत नेमकी कुठे येऊन पडेल, हे तो ठरवत नाही. त्यातून तुमच्या मॉनिटरचा खरा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाच्या फेऱ्यांचा आकडा, अनेकदा अगदी ६० नसतो. समजा तो ५९.९५ आहे. मग सेकंदाला ०.०५ फ्रेमचा फरक पडत राहतो, आणि फाटलेली रेघ पडद्यावरून सावकाश सरकत साधारण २० सेकंदांत एक चक्कर पूर्ण करते. एकच रेघ सतत डोळ्यांसमोर रेंगाळत असल्याने काही जणांना हे आधीपेक्षा जास्त खटकते.

व्ही-सिंक मात्र टेअरिंग पूर्णपणे थांबवतो. फेरी संपून पुढची सुरू होण्याच्या मधल्या क्षणापर्यंत तो अदलाबदल रोखून धरतो. त्याची किंमत आपण हातातून मोजतो. तुमचे कार्ड ६ मिलिसेकंदांत फ्रेम तयार करते असे धरा. व्ही-सिंक नसताना माउसची हालचाल वाचून झाल्यावर ६ मिलिसेकंदांतच ती फ्रेम पडद्यावर उतरू लागते. व्ही-सिंक लावला की एक फ्रेम पडद्यावर, दुसरी तयार होऊन थांबलेली, आणि तिच्यामागे तिसरीही अडकलेली, अशी रांग लागते. माउसची हालचाल रांगेच्या शेवटच्या फ्रेममध्ये वाचली जाते आणि पुढच्या सगळ्या फ्रेम जाईपर्यंत तिथेच शिळी होत राहते. प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंद घेते, म्हणजे दोन ते तीन फ्रेमची रांग ३३ ते ५० मिलिसेकंदांची झाली. एवढा उशीर हाताला नक्की कळतो. कार्ड जितके तगडे, तितकी ही रांग कायम भरलेली असते. म्हणून नवे कार्ड टाकल्यावरही माउस जडच राहिला, असे ग्राहक सांगतात तेव्हा आम्हाला नवल वाटत नाही.

कार्ड कमी पडले तर व्ही-सिंकचा दुसरा त्रास होतो. फ्रेमला १८ मिलिसेकंद लागले तर ठरल्या वेळी सुटणारी बस दीड मिनिटाने चुकावी तसे होते: पुढच्या फेरीपर्यंत थांबणे आले. तयार फ्रेम ठेवायच्या जागा, म्हणजे बफर, दोनच असतील तर गेम ६० वरून थेट ३० एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेमवर, येतो. तिसरा बफर असेल तर एवढी घसरण होत नाही, पण काही फ्रेम एकदा आणि काही दोनदा दिसतात आणि चाल अडखळते.

अडॅप्टिव्ह सिंक हा प्रश्न उलट बाजूने सोडवतो. इथे कार्ड मॉनिटरची वाट पाहत नाही, मॉनिटर कार्डाची पाहतो. फ्रेम तयार झाली की मॉनिटर फेरी सुरू करतो. त्यामुळे टेअरिंगही नाही आणि रांगही नाही. डिस्प्लेची मानके ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने २०१४ मध्ये हे डिस्प्लेपोर्टच्या मानकात आणले. मॉनिटरच्या मेनूत ते बहुधा `FreeSync` किंवा `Adaptive-Sync` या नावाने दिसते. इथे एक गल्लत टाळा. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये `Vertical sync` खाली `Adaptive` असा पर्याय असतो. नाव सारखे असले तरी तो अडॅप्टिव्ह सिंक नव्हे. एफपीएस रिफ्रेश रेटच्या खाली गेले की व्ही-सिंक बंद करायचा, एवढेच तो करतो. म्हणजे तिथे चित्र पुन्हा फाटते.

अडॅप्टिव्ह सिंकची खरी मेख त्याच्या रेंजमध्ये, म्हणजे मॉनिटर ज्या दोन रेटांच्या मध्ये फेरी बदलू शकतो त्या पट्ट्यात, आहे, आणि साध्या मॉनिटरवर ती फार महत्त्वाची ठरते. आमच्या एका ग्राहकाचा ७५ हर्ट्झचा मॉनिटर होता, रेंज ४८ ते ७५. `FreeSync` चालू होते, तरी चित्र फाटत होते. आम्ही गेममधले एफपीएस पाहिले, तर ते ११० ते १३० मध्ये होते. मॉनिटर ७५ च्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे तिथे अडॅप्टिव्ह सिंकचा काही उपयोग होत नव्हता. व्ही-सिंक लावून पाहिला. फाटणे थांबले, पण रेंजच्या वर गेल्यावर तो साधा व्ही-सिंकच असतो, त्यामुळे तीच रांग आणि तोच जड माउस.

मग गेमच्या मेनूतून कॅप ७२ केला. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत रिफ्रेश रेटचा आकडा दिसतो, तो ७५ वरून ७२ च्या आसपास येऊन हलू लागला. हा आकडा हलणे हीच अडॅप्टिव्ह सिंक काम करत असल्याची खूण. माउस हलका झाला आणि खांबाची कड सरळ राहिली. कॅप नेमका ७५ का नाही? कॅप घड्याळासारखा अचूक नसतो. ७५ हर्ट्झची फेरी १३.३ मिलिसेकंदांची, एखादी फ्रेम १३.१ मध्ये आली की रेंज ओलांडली. ७२ ला प्रत्येक फ्रेमला १३.९ मिलिसेकंद मिळतात, तेवढी मोकळीक पुरते. याच हिशेबाने १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला १४१ ठेवावे. त्याउपरही एखादी फ्रेम लवकर आलीच तर ती सावरायला ड्रायव्हरमधला व्ही-सिंक चालू राहू द्या. कॅप असताना रांग साचत नाही, त्यामुळे त्याचा इथे भार पडत नाही.

त्याच ग्राहकाच्या दुसऱ्या, जास्त ताण देणाऱ्या गेममध्ये एफपीएस ४० ते ५५ होते आणि तिथे पुन्हा गडबड झाली. हे रेंजचे खालचे टोक. ४० एफपीएसला मॉनिटर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून ८० हर्ट्झवर चालू शकला असता, पण त्याची मर्यादा ७५. ४८ ते १४४ रेंजच्या मॉनिटरवर हेच सहज होते. थोडक्यात, वरचे टोक खालच्याच्या दुपटीहून जास्त असेल तरच ही युक्ती चालते. ७५ च्या मॉनिटरवर एकच इलाज: सावल्या आणि तत्सम जड सेटिंगे उतरवून एफपीएस ५० च्या खाली जाऊ न देणे. मॉनिटर घेताना वरचा आकडा सगळे विचारतात. आमची विनंती आहे की खालचाही विचारा.

कॅप कुठे लावता यानेही फरक पडतो. गेममधला कॅप माउस वाचण्याआधी थांबतो, म्हणून हालचाल ताजी राहते. बाहेरचा, म्हणजे ड्रायव्हरचा किंवा वेगळ्या प्रोग्रॅमचा कॅप थोडा उशीर वाढवू शकतो, साधारण एका फ्रेमपर्यंत. गेममध्ये सोय असेल तर तीच वापरा. कार्ड सतत १०० टक्के कामात असेल तर व्ही-सिंक नसतानाही प्रोसेसरने पुढे पाठवलेल्या कामाची रांग साचते. गेम ६० ते ७० मध्ये हेलकावत असेल तर ६० चा कॅप लावून पाहा. आकडा कमी होऊनही माउस हलका लागतो.

ज्यांचा मॉनिटर साधा ६० हर्ट्झचा आहे, अडॅप्टिव्ह सिंक नाही, त्यांच्यासाठी व्ही-सिंक आणि रिफ्रेश रेटपेक्षा किंचित कमी कॅप ही जोडी सर्वात चांगली. खरा रेट ५९.९४ असेल तर कॅप ५९.९३. फ्रेम थोड्या उशिरानेच येत राहतात, म्हणून रांग भरत नाही. बदल्यात दर १०० सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दिसते, जी बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. कॅप पूर्णांकातच देता येत असेल तर ५९ ठेवा. मग सेकंदाला एकदा हलकासा अडखळा येईल. ज्याला अचूक नेमबाजी हवी, त्याने व्ही-सिंक बंद ठेवून फाटणे सोसणे हाही चुकीचा निर्णय नाही.

फरक पडला की नाही हे मनाने ठरवण्यापेक्षा मोजा. फोनच्या स्लो मोशनमध्ये, २४० फ्रेमवर, माउस आणि पडदा एकाच चौकटीत घेऊन व्हिडिओ काढा. माउसला झटका द्या, मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत हात हलल्यापासून चित्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. प्रत्येक फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची. एका सेटिंगला वीस आणि दुसऱ्याला बारा निघाल्या तर सुमारे ३३ मिलिसेकंद वाचले. प्रत्येक सेटिंगला पाच-सहा वेळा मोजून सरासरी घ्या, कारण झटका फेरीच्या कुठल्या टप्प्यावर पडेल ते सांगता येत नाही.

आम्हाला फोन करण्याआधी विंडोजमध्ये `Settings`, `System`, `Display`, `Advanced display` इथे जाऊन निवडलेला रिफ्रेश रेट पाहून ठेवा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच चालू असल्याचे आम्ही अनेकदा पाहिले आहे. सोबत गेममधले कमीत कमी आणि जास्तीत जास्त एफपीएस आणि केबल कोणती लावली आहे तेही सांगा. एवढ्यावरून बहुतेक वेळा फोनवरच सेटिंग सांगता येते.